बर्फात बरोबर, उकळत्या पाण्यात बरोबर, मधे मात्र चूक: थर्मिस्टरच्या रीडिंगची नेहमीची अडचण

तक्रार बहुतेक वेळा अशी येते: "सेन्सर बर्फाच्या पाण्यात धरला की शून्य दाखवतो, उकळत्या पाण्यात धरला की बरोबर दाखवतो, पण काम सुरू झालं की आकडा खोटा." मग सेन्सर बदलला जातो. नवा सेन्सर पुन्हा बर्फात आणि उकळत्या पाण्यात धरून जुळवला जातो, दोन्हीकडे बरोबर येतो आणि चार दिवसांत तीच तक्रार परत. काही ठिकाणी बोर्डही बदलून झालेला असतो. सेन्सर निर्दोष असतो, बोर्डही निर्दोष असतो. चूक त्या जुळवण्याच्या रीतीत असते, म्हणून प्रत्येक नव्या सेन्सरबरोबर ती पुन्हा येते.

इंदुरात रामबागेकडच्या एका चक्का-श्रीखंडाच्या कारखान्यातलं उदाहरण घेतो, कारण तिथे ही चूक आकड्यांत नव्हे तर थेट दह्यात दिसत होती. दूध ८५ अंशांपर्यंत तापवायचं, तिथे अर्धा तास धरायचं, ४३ पर्यंत निववून विरजण लावायचं, दही लागलं की ४ अंशांच्या खोलीत न्यायचं. कारखाना चालवणाऱ्या काकांच्या भाच्यानं, जो इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, टाकीसाठी कंट्रोलर बनवला होता. वायरिंग नीट, सोल्डरिंग स्वच्छ, खोका वाफेपासून दूर लावलेला. तरी काकांचं म्हणणं होतं की दही उशिरा लागतं, लागलं तरी पातळ राहतं आणि चक्का कमी उतरतो. थंड खोलीबद्दल मात्र काही तक्रार नव्हती. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे, तिच्याकडे पुन्हा येतो.

सर्किट नेहमीचंच होतं. ५ व्होल्ट, त्याखाली १० किलोओहमचा एनटीसी थर्मिस्टर (बीटा, म्हणजे तापमानाबरोबर रेझिस्टन्स किती झपाट्यानं बदलतो ते सांगणारा आकडा, ३९५०), त्याखाली १० किलोओहमचा साधा रेझिस्टर आणि मग ग्राउंड. दोघांच्या सांध्यावरचं, म्हणजे या डिव्हायडरचं, व्होल्टेज अर्डुइनोच्या अ‍ॅनालॉग पिनला. एनटीसीचा रेझिस्टन्स तापमान वाढलं की कमी होतो, त्यामुळे या मांडणीत तापमान वाढलं की व्होल्टेज वाढतं. प्रोग्राममध्ये बर्फाचं व्होल्टेज, उकळत्या पाण्याचं व्होल्टेज आणि त्या दोघांना जोडणारी सरळ रेषा एवढंच होतं. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचावर आहे, इथे पाणी १०० ला नाही तर सुमारे ९८ अंशांनाच उकळतं. हे त्या मुलानं बरोबर धरलं होतं, अनेक जण इथेच दोन अंश घालवून बसतात.

आता ही दोन व्होल्टेज आकड्यांनी काढू. शून्य अंशाला हा थर्मिस्टर सुमारे ३३.६ किलोओहम असतो. डिव्हायडरचं व्होल्टेज म्हणजे ५ गुणिले १०, भागिले १० आणि ३३.६ ची बेरीज, म्हणजे १.१५ व्होल्ट. ९८ अंशांना तोच थर्मिस्टर फक्त ७३९ ओहमवर येतो आणि व्होल्टेज ४.६६ होतं. ९८ अंशांत साडेतीन व्होल्टची वाढ, म्हणजे एका अंशाला सुमारे ३५.८ मिलिव्होल्ट. प्रोग्राम हाच भाव सगळीकडे लावत होता.

पण दूध खरोखर ४३ ला असतं तेव्हा थर्मिस्टर ४.७० किलोओहम असतो आणि व्होल्टेज ३.४० येतं. सरळ रेषेच्या हिशेबानं ३.४० व्होल्ट म्हणजे ६३ अंश. वीस अंशांची चूक, आणि तीही असा सेन्सर दाखवतो जो दोन्ही टोकांना अगदी बरोबर आहे.

कारखान्यात प्रश्न उलटा विचारायला हवा: पडद्यावर ४३ दिसतं तेव्हा दूध किती असतं? हिशेब केला तर २८ अंशांच्या जरा वर. थंडीच्या दिवसांत २८ अंशांच्या दुधाला विरजण लावून, वर ते निवत जात असताना, दही वेळेवर कसं लागणार? आणि पडद्यावर ८५ दिसतं तेव्हा दूध असतं फक्त ६७ अंशांना. दह्याला घट्टपणा येतो तो दुधाच्या निवळीतली प्रथिनं उष्णतेनं उलगडून केसिनला चिकटल्यामुळे, आणि त्यासाठी ८५ च्या आसपास अर्धा तास लागतो. ६७ ला ते काम नीट होत नाही, दही पातळ राहतं, फडक्यातून पाणी जास्त जातं आणि चक्का कमी उतरतो. काकांच्या तिन्ही तक्रारी एकाच रेषेतून निघाल्या होत्या. थंड खोलीत तक्रार नव्हती, कारण ४ अंश हे बर्फाच्या टोकाला खेटून आहे. तिथे ही रेषा ५.४ दाखवते, दीड अंशाहूनही कमी चूक.

रेषा मधेच एवढी का हुकते, हे एकदा नीट पाहिलं की उपाय सोपा होतो. पहिल्या २५ अंशांत, शून्य ते २५, थर्मिस्टर ३३.६ वरून १० किलोओहमवर येतो, जवळजवळ २४ किलोओहम उतरतो. शेवटच्या १३ अंशांत, ८५ ते ९८, तो जेमतेम ३५० ओहम उतरतो. दर अंशाला ठरावीक ओहम कमी होत नाहीत, दर अंशाला तेव्हाच्या रेझिस्टन्सचे साधारण तीन ते पाच टक्के कमी होतात. त्यात डिव्हायडर स्वतःची वक्रता घालतो. थर्मिस्टर स्थिर रेझिस्टरपेक्षा फार लहान झाला की व्होल्टेज ५ च्या जवळ जाऊन तिथेच रेंगाळतं. म्हणून पहिल्या २५ अंशांत व्होल्टेज १.३५ नं वाढतं आणि शेवटच्या १३ अंशांत फक्त ०.१५ नं. आलेख काढला तर आडवा पडलेला S दिसतो: मधे चढ, दोन्हीकडे सपाटी. कोणत्याही दोन बिंदूंतून एक सरळ रेषा जातेच, त्यामुळे त्या दोन बिंदूंवर चाचणी घेऊन काहीच कळत नाही. तिसरा बिंदू मधला हवा.

हीच चूक आहे हे कसं ओळखायचं

सगळ्यात स्वस्त चाचणी म्हणजे सेन्सर सावलीत टांगून शेजारी काचेचा थर्मामीटर लावायचा. खोली २५ अंशांना असेल तर हा कंट्रोलर ३८ दाखवत होता. भट्टीच्या शेजारी खोका असल्यामुळे "इथे गरमच असतं" असं म्हणून ते कोणी मनावर घेतलं नव्हतं.

त्याहून चांगलं म्हणजे चूक कोणत्या तापमानाला किती येते याचा छोटा तक्ता करायचा. पातेल्यात पाणी हळूहळू तापवत, ढवळत, दर दहा अंशांना खरा आकडा आणि पडद्यावरचा आकडा लिहायचा. दोन टोकांना शून्य, मधे फुगलेली आणि दर वेळी तेवढीच येणारी चूक असेल तर ती सरळ रेषेची चूक आहे, पुढे काही शोधायची गरज नाही. प्रोग्राम सूत्रानं तापमान काढत असेल आणि चूक एका तापमानाला शून्य असून तिथून दूर जाताना वाढत जात असेल, तर बीटाचा आकडा चुकला आहे. चूक सगळीकडे साधारण एकाच बाजूला सव्वा-दीड अंश असेल तर स्थिर रेझिस्टरकडे बघा. पाच टक्क्यांचा रेझिस्टर छापील किमतीपेक्षा पाच टक्के वेगळा निघाला तर ४३ अंशांजवळ सुमारे सव्वा अंशाचा फरक पडतो. आणि चूक सकाळी एक, संध्याकाळी दुसरी येत असेल तर गणिताला दोष देऊ नका, तिथे ओल किंवा वायर आहे.

आणखी एक गोष्ट तपासायची: अ‍ॅनालॉग पिनचा संदर्भ आणि डिव्हायडरचं ५ व्होल्ट एकाच ठिकाणाहून येतात का. एकाच ठिकाणाहून येत असतील तर पुरवठा ४.८ झाला तरी गुणोत्तर तेच राहतं आणि रीडिंग हलत नाही. डिव्हायडर एका अ‍ॅडॉप्टरवर आणि अर्डुइनो दुसऱ्यावर असेल तर हीटर चालू होताना आकडा उड्या मारतो.

पहिला उपाय: रेझिस्टर बदला, पट्टा आवळा

तुम्हाला फक्त एका लहान पट्ट्यातलं तापमान हवं असेल, उदाहरणार्थ दही लावायच्या पेटीत ३५ ते ५०, तर सरळ रेषा ठेवूनही काम होतं. अट एवढीच, की जुळवणी त्या पट्ट्याच्या टोकांना करायची, बर्फ आणि उकळत्या पाण्यात नाही. त्याच १० किलोओहमच्या रेझिस्टरवर ३५ आणि ५० ला जुळवणी केली तर ४३ च्या जागी ४३.६ येतं. वीस अंशांची चूक अर्ध्या-पाऊण अंशावर आली, ती नुसता पट्टा आवळल्यानं.

उरलेलं रेझिस्टर बदलून जातं. S च्या आकारात एक जागा अशी असते जिथे वक्रता दिशा बदलते आणि आलेख काही अंतर जवळजवळ सरळ चालतो. ती जागा आपल्या कामाच्या तापमानावर आणता येते. मधलं तापमान केल्विनमध्ये घ्यायचं, इथे ३१६.१५. त्याची दुप्पट बीटामधून वजा करायची, तीच दुप्पट बीटामध्ये मिळवायची, पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं आणि आलेल्या अपूर्णांकानं त्या तापमानाचा थर्मिस्टरचा रेझिस्टन्स गुणायचा. इथे अपूर्णांक ०.७२४ येतो, गुणाकार ३.४ किलोओहम. बाजारात ३.३ किलोओहम सहज मिळतो. तो लावला तर ३५ अंशांना १.६८३ व्होल्ट, ५० ला २.३९६ आणि ४३ ला २.०६२ येतं. रेषा ४२.९७ दाखवते. काचेच्या थर्मामीटरला हा फरक दिसणारही नाही.

पण हा सरळपणा उसना आहे, त्या पट्ट्याबाहेर नेऊ नका. हीच रेषा ८५ अंशांच्या दुधाला ७९ म्हणते आणि बर्फाला ९. काकांच्या टाकीला एकाच सेन्सरवर ८५ ही हवं होतं आणि ४३ ही, त्यामुळे तिथे हा उपाय अर्धाच कामाचा होता.

दुसरा उपाय: रेषा सोडा, रेझिस्टन्स काढा

व्होल्टेजवरून थेट तापमान काढायचं नाही. व्होल्टेजवरून आधी थर्मिस्टरचा रेझिस्टन्स काढायचा, मग रेझिस्टन्सवरून बीटाच्या सूत्रानं तापमान. रेझिस्टर मात्र ३.३ चाच ठेवावा, कारण इथे त्याचा दुसरा फायदा होतो. १० किलोओहमवर ८५ अंशांजवळ एक अंश म्हणजे अर्डुइनोच्या १०२४ पायऱ्यांपैकी जेमतेम तीन पायऱ्या, ३.३ वर जवळजवळ सहा. गणित कितीही चांगलं असलं तरी दोन रीडिंगांमधला फरक पायऱ्यांत दिसायला तर हवा.

पाकिटावर छापलेला बीटा घेण्यापेक्षा स्वतः मोजा. थर्मिस्टर सर्किटमधून सोडवून पाण्यात धरा, शेजारी खात्रीचा थर्मामीटर ठेवा आणि मल्टीमीटरनं दोन ठिकाणी रेझिस्टन्स मोजा. ती दोन ठिकाणं तुमच्या कामाची असावीत. इथे ४३ ला ४.७० किलोओहम आणि ८५ ला १.०८७ किलोओहम आले. पहिल्याला दुसऱ्यानं भागून नैसर्गिक लॉग घेतला तर १.४६४. दोन्ही केल्विन तापमानांच्या व्यस्तांचा फरक ०.०००३७०९. भागाकार ३९४७, म्हणजे हा नग छापील आकड्याच्या अगदी जवळ निघाला. सगळे नग असे निघत नाहीत, स्वस्तातल्या पुडीतले तर अजिबात नाही.

सूत्राला एक आधारबिंदू लागतो. सवयीनं सगळे २५ अंश आणि १० किलोओहम घालतात. मी तो कामाच्या तापमानावर ठेवतो, इथे ४३ आणि ४७०० ओहम. बीटा खरं तर तापमानाबरोबर थोडा सरकतो, त्यामुळे आधारबिंदूपासून दूर जाल तशी चूक वाढते. जिथे अचूकता हवी तिथेच आधार ठेवला की उरलेली चूक थंड खोलीच्या बाजूला ढकलली जाते.

```
const float RF = 3300.0;   // मोजून घाला
const float R0 = 4700.0;   // 43 अंशांना मोजलेला
const float T0 = 316.15;
const float B  = 3947.0;

float tapman(int adc) {
  if (adc < 10 || adc > 1013) return NAN;
  float r = RF * (1023.0 / adc - 1.0);
  float k = 1.0 / (1.0 / T0 + log(r / R0) / B);
  return k - 273.15;
}
```

यातली `if` ची ओळ कृपया गाळू नका. या मांडणीत थर्मिस्टरची वायर तुटली तर पिनवर शून्य व्होल्ट येतं आणि प्रोग्रामला वाटतं की दूध गोठायला आलं आहे. मग हीटर चालूच राहतो. म्हणून टोकाचा आकडा आला की `NAN` परत जातो. जिथे हीटरचा निर्णय होतो तिथे `isnan()` नं ते तपासून हीटर बंद करायचा, जुना आकडा धरून ठेवायचा नाही.

शून्य ते शंभर एवढ्या पट्ट्यात बीटाच्या सूत्राची चूक एखाद-दोन अंशांपर्यंत जाऊ शकते. तेवढीही चालत नसेल तर स्टाइनहार्ट आणि हार्ट यांनी १९६८ मध्ये मांडलेलं समीकरण वापरतात. त्याला तीन तापमानांची मापं लागतात आणि त्यात लॉगचा घनही येतो. दही-चक्क्याला त्याची गरज पडली नाही. त्या मापांसाठी थर्मामीटरही तितकाच चांगला हवा, नाहीतर नुसतं गणित वाढतं.

दूध न तापवता तपासणी

नवा प्रोग्राम घातल्यावर लगेच टाकी भरू नका. थर्मिस्टरच्या जागी साधे एक टक्क्याचे रेझिस्टर एकेक करून लावा. वरच्या आकड्यांनी ३३ किलोओहम लावला की पडद्यावर ०.३ अंश दिसायला हवं, १० किलोओहमला २५, ४.७ ला ४३ आणि १ किलोओहमला ८७.७. दोन-तीन पायऱ्यांएवढा फरक चालेल. हे चारही बरोबर आले तर सर्किट आणि प्रोग्राम दोन्ही सुटले, यापुढे काही चुकलं तर ते सेन्सरमध्ये किंवा वायरमध्ये. भाच्यानं हे चार रेझिस्टर आता एका पट्टीवर लावून खोक्यातच ठेवले आहेत.

३.३ च्या रेझिस्टरची एक किंमत द्यावी लागते. थर्मिस्टरमधून जास्त करंट जातो आणि तो स्वतःच थोडा तापतो. ४३ अंशांना त्यात जवळजवळ १.८ मिलिवॅट खर्च होतात. लहान मण्याचा थर्मिस्टर स्थिर हवेत साधारण दोन मिलिवॅटला एक अंश तापतो, म्हणजे हवेत रीडिंग अंशभर जास्त येऊ शकतं. दुधात बुडवलेल्या स्टीलच्या नळीत उष्णता लगेच निघून जाते आणि हा फरक नगण्य होतो. तोच सेन्सर हवेसाठी वापरायचा असेल तर डिव्हायडरला ५ व्होल्ट कायम न देता डिजिटल पिनवरून द्या, रीडिंगच्या क्षणापुरतं चालू करा आणि लगेच बंद करा.

आता ओल. टाकी रोज धुतली जाते, गरम पाणी आणि वाफ नळीच्या तोंडातून आत शिरते. दोन वायरींमध्ये ओल साचली की थर्मिस्टरला समांतर एक चोरवाट तयार होते, एकूण रेझिस्टन्स कमी होतो आणि पडदा खऱ्यापेक्षा जास्त तापमान दाखवतो. थंडीकडे ही चूक मोठी आणि गरमकडे लहान असते, कारण ३३ किलोओहमला जी चोरवाट जाणवते ती १ किलोओहमला जाणवत नाही. आज एक, उद्या दुसरी, धुतल्यानंतर सगळ्यात जास्त, दुपारपर्यंत कमी होत जाणारी चूक दिसली की प्रोग्रामला हात न लावता नळीचं तोंड उघडून बघा. सेन्सर बर्फाच्या पाण्यात धरून मल्टीमीटरनं मोजा. ३३ च्या आसपास यायला हवं तिथे २८-२९ येत असेल तर नळी वाळवून, तोंड सिलिकॉननं बंद करून, ते पूर्ण सुकल्यावर पुन्हा मोजा. तरीही आकडा वर आला नाही तर मात्र सेन्सर खरंच बदलायचा, आणि नव्या नगाचा `R0` आणि `B` पुन्हा मोजून घालायचे.